पाळीआधीची भूक आणि पहिल्या पंधरवड्याची उधारी

वैशालीची तक्रार एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती. "मॅडम, अर्धा महिना मी शहाण्यासारखी खाते, आणि पाळी जवळ आली की माझा माझ्यावर ताबाच राहत नाही."

मी खेळाडूंच्या आहाराचं काम करते. तिचं नाव अर्थातच बदललं आहे. वय ३१, वजन ५८ किलो. राहायला ठाण्यात वर्तकनगरला, नोकरी ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत. आठवड्यातून चार दिवस पळायची, तीन दिवस उपवन तलावाच्या बाजूला आणि रविवारी येऊरचा चढ. सगळं धरून आठवड्याला साधारण ३० किलोमीटर. डिसेंबरात पहिली अर्धमॅरेथॉन पळायची होती आणि त्याआधी चार किलो वजन कमी करायचं होतं. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने तिला दिवसाला १३०० कॅलरी ठरवून दिल्या होत्या.

कारण तिने स्वतःच शोधून ठेवलं होतं: हार्मोन्स. फोनमध्ये चार रंगांचा तक्ता होता. पाळीच्या दिवसांत अमुक बिया, बीज सुटल्यावर तमुक बिया, शेवटच्या आठवड्यात पळणं बंद, फक्त योगासनं. तिला माझ्याकडून असाच, पण मराठी जेवणाचा तक्ता हवा होता. मी तो दिला नाही. आधी नोंदी मागितल्या.

नोंदी ठेवायची पद्धत साधी आहे. रक्तस्राव सुरू होतो तो दिवस पहिला. तिथून पुढे रोज दिवसाचा क्रमांक, काय खाल्लं आणि केव्हा, झोप किती लागली, पळताना किती जड वाटलं हे शून्य ते दहामध्ये, आणि गोडाची किंवा तळणाची ओढ होती का. कॅलरी मोजायची जबाबदारी माझी, तिने फक्त वाटी-चमचा-पोळी अशा मापात लिहायचं. तारखेऐवजी चक्राचा दिवस लिहायला सांगते, कारण प्रत्येकीचं चक्र २८ दिवसांचं नसतं. २१ ते ३५ दिवस हे सगळं सर्वसाधारणच आहे. वैशालीचं ३० दिवसांचं. बीज सुटल्यानंतरचा भाग बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा असतो. चक्र लांबतं किंवा आखडतं ते मुख्यतः आधीच्या भागात. म्हणून अ‍ॅप "आज चौदावा दिवस, आज बीज सुटलं" असं सांगतं तेव्हा तो फक्त अंदाज असतो. वैशालीच्या बाबतीत ते सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास असणार होतं.

तीन चक्रांच्या नोंदी हातात आल्या, पण तिसरं बाद करावं लागलं. त्यात गौरी होत्या आणि घरात सगळं करायचं म्हणून तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. या गोळ्यांत प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं औषध असतं. गोळी चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत स्राव होतो. त्या काळातली भूक, फुगलेलं पोट, वाढलेलं वजन यांचा तिच्या नेहमीच्या चक्राशी ताळमेळ लावण्यात अर्थ नसतो. गर्भनिरोधक गोळ्या नियमित घेणाऱ्या मुलींचंही असंच. त्यांचं स्वतःचं चक्र दबलेलं असतं, त्यामुळे हे चार रंगांचे तक्ते त्यांना मुळातच लागू होत नाहीत. (ठाण्यात गणपती ते दसरा या काळात गौरींसाठी नाही तर घटासाठी गोळी घेतलेली कोणी ना कोणी दर वर्षी भेटते. बहुतेकींनी ती परस्पर औषधाच्या दुकानातून आणलेली असते. रक्ताच्या गुठळीचा, यकृताचा किंवा अर्धशिशीचा त्रास असेल तर हे धोक्याचं आहे. डॉक्टरांना विचारायलाच हवं.)

उरलेली दोन चक्रं मात्र एकमेकींची नक्कल होती. सहाव्या दिवसापासून सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत वैशाली रोज १२५० कॅलरींच्या आसपास खात होती. भूक कमी, उत्साह भरपूर. सकाळी साडेपाचला पळणं, मग कपभर चहा आणि दोन बिस्किटं, धावतपळत ऑफिस. दुपारचा डबा अर्धा परत यायचा. रात्री एक पोळी आणि भाजी. त्यानंतर चार-पाच दिवस हळूहळू चढ. आणि बावीसाव्या दिवसापासून पाळी येईपर्यंत सरासरी १९००, त्यातल्या दोन-तीन दिवशी २३०० च्या वर. हा वरचा भाग जवळजवळ सगळा संध्याकाळी पाच ते रात्री अकराच्या दरम्यानचा: ऐरोली स्टेशनबाहेर वडापाव, घरी येऊन फरसाण, जेवण, आणि सगळे झोपल्यावर फ्रिजमधलं चॉकलेट.

आता यातलं हार्मोन्सचं किती?

चक्राच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन चढत जातं आणि ते भूक दाबतं. बीज सुटण्याच्या आसपासच्या दिवसांत खाणं सगळ्यात कमी होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं, शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वर जातं, बसल्याजागी होणारा ऊर्जाखर्चही किंचित वाढतो. भूक वाढते ती खरीच. पण सरासरी वाढ दिवसाला शंभर ते दोनशे कॅलरींची. बायकाबायकांत फरक असतो, कोणाला काहीच जाणवत नाही, कोणाला जास्त जाणवतं. तरीसुद्धा वैशालीच्या दोन भागांत फरक होता साडेसहाशेचा. हार्मोन्सच्या नावावर त्यातले दोनशे टाकले तरी साडेचारशे उरतात.

ते कुठून येतात हे पहिल्या भागाच्या नोंदीतच लिहिलेलं होतं. खेळाडूंच्या आहारात आम्ही एक हिशेब करतो. खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामात गेलेली वजा करायची आणि जे उरेल त्याला चरबी सोडून बाकीच्या वजनाने भागायचं. वैशालीचं चरबी सोडून वजन अंदाजे ४२ किलो. पळण्यात तिचे दिवसाला सरासरी अडीचशे कॅलरी जात. म्हणजे १२५० मधून २५० गेले, राहिले १०००, भागिले ४२, आले २४. हा आकडा सलग ३० च्या खाली राहू लागला की शरीर काटकसर सुरू करतं. आधी झोप आणि मनःस्थिती बिघडते, मग पाळी लांबते किंवा बंद होते, पुढे हाडांवर परिणाम होतो. ३० ही काही दगडावरची रेघ नाही, कोणाला त्याच्या थोडं वरही त्रास होतो, पण २४ वर पळण्याचा सराव करणं परवडत नाही. वैशालीची पाळी अजून वेळेवर येत होती, कारण महिन्याच्या शेवटी ती सगळी उधारी व्याजासकट फेडत होती. तिला ज्याची लाज वाटत होती, त्या दहा दिवसांनीच बहुधा तिला सावरून धरलं होतं.

दोन्ही भागांची सरासरी काढून तिच्यासमोर ठेवली तेव्हा ती गप्प झाली. सरासरी १५५० च्या आसपास आली. १३०० चं डाएट ती एकही महिना पाळत नव्हती. फक्त त्याचा त्रास पुरेपूर भोगत होती.

दुसरा धागा पहिल्या आठवड्याचा. पाळीचे पहिले दोन दिवस तिला दोन-अडीच तासांनी पॅड बदलावं लागत होतं, स्राव सहा दिवस चालायचा, आणि त्यानंतरही आठवडाभर येऊरच्या चढावर धाप लागायची. तक्त्यात हा काळ "ऊर्जा परत येण्याचा" म्हणून दाखवला होता. वैशालीची काही परत येत नव्हती, म्हणून तिला वाटायचं आपणच आळशी. खरं तर पाळीच्या दिवसांत ताकद किंवा वेग कमी होतो का, यावरच्या अभ्यासांची एकत्र छाननी २०२० मध्ये झाली. सरासरी फरक अगदी नगण्य निघाला आणि बरेचसे अभ्यास कच्चे होते. त्यामुळे एखादी मुलगी पाळी संपल्यावरही दमलेलीच राहते तेव्हा मी "फेज" हा शब्द बाजूला ठेवून रक्त तपासायला सांगते.

हिमोग्लोबिन आलं ११.४. बाईमध्ये १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. फेरिटिन, म्हणजे साठवलेलं लोह, आलं ९. पंधराच्या खाली साठा रिकामाच समजायचा. फेरिटिन स्वतंत्रपणे सांगितल्याशिवाय बहुतेक तपासण्यांत नसतं, आणि हिमोग्लोबिन उतरायच्या बरंच आधी ते उतरलेलं असतं, म्हणून पळणाऱ्या मुलींना ते वेगळं करायला सांगावं लागतं. मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. सोनोग्राफीत काही निघालं नाही. त्यांनी लोहाची गोळी सुरू केली. गोळी लिहून देणं माझं काम नाही, पण ती अंगी लागेल अशी व्यवस्था करणं आहे. चहा जेवणापासून तासभर लांब. गोळीसोबत लिंबूपाणी. आणि गोळी पळून आल्यावर तीन-चार तासांनी घ्यायची नाही, कारण जोरदार व्यायामानंतर काही तास आतड्यातून लोह शोषणं मंदावतं. घरून सासूबाईंनी अळिवाचे लाडू पाठवले होते. चांगलेच आहेत, रोज एक खायला सांगितला. पण ९ वरचा साठा लाडवांनी भरत नाही, हेही सांगितलं.

मग आहार. मी मुख्य बदल केला तो जिथे तिला काहीच अडचण वाटत नव्हती तिथे, म्हणजे सहाव्या ते सतराव्या दिवसात. भूक नसताना वेळेवर खायचं. पळून आल्यावर तासाभरात दोन अंडी आणि दोन भाकऱ्या, किंवा मटकीच्या उसळीसोबत पोहे, किंवा दोन थालीपिठं आणि वाटीभर दही. डबा पूर्ण संपवायचा आणि त्यात डाळ, उसळ किंवा मासळी यांपैकी काहीतरी हवंच. रात्री एकाऐवजी दोन पोळ्या. यातून दिवस १७०० च्या आसपास गेला. हिशेब पुन्हा केला तर उरलेल्याला भागून ३४-३५ येतं.

तिचा पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "पण मॅडम, याने वजन वाढणार नाही का?"

मी सांगितलं की वजन कमी करायचं काम शर्यतीनंतर. अर्धमॅरेथॉनचा सराव, रिकामा लोहसाठा आणि कॅलरी-कपात हे तिन्ही एकाच वेळी मी कोणाकडूनही करून घेत नाही. ती नाखूश होती, आणि तसं तिने स्पष्ट सांगितलं.

शेवटच्या नऊ-दहा दिवसांसाठी बदल छोटा होता. दुपारी चार-साडेचारला, भूक लागायची वाट न पाहता, दोनशे कॅलरींचं खाणं: मूठभर शेंगदाणे आणि एक केळं, किंवा ताकासोबत भाजलेले चणे आणि खजूर, किंवा उकडलेलं अंडं आणि शेंगदाण्याची छोटी चिक्की. वाढलेली भूक खरी आहे आणि तिला जागा द्यायची, पण ऐरोली स्टेशनबाहेर नव्हे, ऑफिसमध्येच. चॉकलेट बंद केलं नाही. मॅग्नेशियम कमी पडतं म्हणून चॉकलेटची ओढ होते, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला फारसा आधार नाही. तसं असतं तर त्या दिवसांत तीळ, राजगिरा आणि पालेभाजीचीही ओढ लागली असती. रात्रीच्या जेवणानंतर दोन चौकोन, बशीत काढून, बसून खायचे. फ्रिजसमोर उभं राहून नाही.

वजनकाटाही या दिवसांत बंद. पाळीच्या आधी आणि पहिल्या दिवशी शरीरात पाणी साठतं, शिवाय जास्त पिष्ट खाल्लं की त्याच्यासोबत पाणी धरलं जातं. वैशालीचा काटा अठ्ठाविसाव्या दिवशी ५९.४ दाखवायचा आणि आठव्या दिवशी ५८. हे १४०० ग्रॅम चरबी नव्हती, पण त्या आकड्याने घाबरून ती पाळी येताच पुन्हा १२५० वर जायची आणि चाक परत सुरू व्हायचं. आता वजन महिन्यातून एकदाच, आठव्या दिवशी, मागच्या आठव्या दिवसाशी ताडून.

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांसाठी वेगळं फार काही सांगितलं नाही. पोटात कळा आणतात ते प्रोस्टाग्लँडिन आतड्यांनाही ढवळतात, म्हणून अनेकींना त्या दिवशी पोट सैल होतं. वैशालीलाही व्हायचं. पळायच्या दिवशी सकाळी कॉफी आणि दूध टाळून मऊ दहीभात किंवा केळं, इतकंच.

सरावाचा भाग प्रशिक्षकाशी बोलून ठरवला. शेवटच्या आठवड्यात पळणं बंद करायचं कारण नव्हतं. पण तापमान आधीच अर्धा अंश वर असताना ऑक्टोबरच्या ठाण्यातल्या दमटपणात तोच वेग जास्त जड वाटतो, नाडीही काही ठोके वर राहते. म्हणून या दिवसांत मोठं पळणं घड्याळातल्या वेगावर न करता श्रमाच्या जाणिवेवर करायचं, अर्धा तास आधी निघायचं, आधी दोन खजूर किंवा केळं खायचं, आणि सोबत मीठ-साखर-लिंबाचं पाणी. ज्या दिवशी झोपच लागली नसेल त्या दिवशी चढ सोडून सपाटीला. चार रंगांच्या तक्त्याऐवजी तिच्याकडे एवढाच नियम होता.

नवीन आराखडा धड लागू होतोय तोच नवरात्र आलं, आणि तिच्या हिशेबाने ते अठराव्या ते सव्विसाव्या दिवसात पडत होतं. नऊ दिवस उपवास तिच्या माहेरची रीत. टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शनही तिला चुकवायचं नव्हतं. उपवास करू नका म्हणणं सोपं होतं, पण ती तरीही करणार आणि मला सांगणार नाही, हे मला माहीत होतं. प्रश्न उपवासाचा नव्हता, साबुदाण्याचा होता. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट. सकाळी खिचडी, दुपारी फळं, संध्याकाळी बटाट्याचा कीस असा दिवस गेला की प्रथिनं वीस ग्रॅमपर्यंतही पोहोचत नाहीत, आणि सातच्या सुमारास भूक अंगावर येते. आम्ही तोच उपवास वेगळा मांडला. पळून आल्यावर राजगिऱ्याची भाकरी आणि वाटीभर दही. दुपारी भगर आणि दाण्याची आमटी. चारला शंभर ग्रॅम पनीर, जिरं आणि मिरची घालून परतलेलं. रात्री भाकरी, भोपळ्याची भाजी आणि मोठा पेला दूध. प्रथिनं पन्नास ग्रॅमच्या आसपास गेली. तिच्या गरजेला हे थोडं कमीच, पण नऊ दिवस चालण्यासारखं. साबुदाणा अष्टमीला एकदा, हौसेने. त्या आठवड्यातलं मोठं पळणं आम्ही दोन-तृतीयांश केलं. घटासाठी या वेळी गोळी लागली नाही, पाळी दसऱ्यानंतरच आली.

फरक काय पडला? शेवटच्या दहा दिवसांची सरासरी १९०० वरून १८५० वर आली, म्हणजे जवळजवळ तिथेच. बदललं ते खाण्याचं वेळापत्रक. २३०० पार जाणारे दिवस गेले. एका चक्रात एकदा ऑफिसात सॉफ्टवेअरची रिलीज होती, त्या रात्री पुन्हा फरसाणाची पिशवी रिकामी झाली. ते तिने नोंदवहीत लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं खाल्लं. आधी ती अशा दिवशी दुपारपर्यंत काही खात नसे. ओढ पूर्ण गेली नाही, आणि ती जाईल असं मी कधी म्हटलंही नव्हतं.

ऑक्टोबरअखेर फेरिटिन २४ आणि हिमोग्लोबिन १२.३ आलं. येऊरच्या चढावरची धाप कमी झाली. याचं श्रेय लोहाला किती आणि पोटभर खाण्याला किती, हे या एका केसवरून वेगळं करता येत नाही, कारण दोन्ही जवळपास एकाच वेळी सुरू झालं. माझा कल लोहाकडे आहे, कारण सुधारणा सगळ्यात जास्त दिसली ती पाळीनंतरच्या आठवड्यात. आठव्या दिवसाचं वजन ५८ वरून ५८.३ झालं. चार किलो कमी झाले नाहीत, आणि वैशाली त्याबद्दल अजूनही खूश नाही.

असंच दिसणारं पण वेगळं असणारं एक प्रकरण इथे सांगायला हवं. शेवटच्या आठवड्यात भुकेपेक्षा चिडचिड, रडू, निराशा इतकी असेल की नोकरी किंवा घरातली नाती अडतात, किंवा जगणं नकोसं वाटतं, आणि पाळी आली की ते ओसरतं, तर तिथे चणे-खजूर कामाचे नाहीत. तो मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांचा विषय आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. तसंच सराव वाढवल्यावर चक्र ३५ दिवसांच्या पुढे जाऊ लागलं किंवा तीन महिने पाळीच आली नाही, तर "पळणाऱ्यांचं असं होतं" म्हणून सोडून द्यायचं नाही. आधी गरोदरपण तपासायचं, मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन, आणि सोबत वरचा भागाकार.

वैशालीची लोहाची गोळी डॉक्टरांनी अजून तीन महिने चालू ठेवली आहे. शर्यत तिच्या चक्राच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पडते आहे. तिने विचारलं होतं की त्यासाठी पाळी पुढे ढकलावी का. मी नको म्हटलं. तिच्या स्रावाचे जड दिवस पहिले दोन आहेत, आणि गोळीने फुगलेलं पोट घेऊन २१ किलोमीटर पळण्यापेक्षा चौथा दिवस बरा. डॉक्टरांचंही तेच मत पडलं. त्या आधीच्या रविवारी ती १८ किलोमीटर पळणार आहे, शर्यतीच्या दिवशी खाणार तोच नाश्ता करून: दोन केळी, मधाची एक पोळी आणि निघण्याआधी अर्धा पेला पाणी.